बांसमोर बोलायची वाक्यं

२२ नोव्हेंबर १९३३, बोर्ली पंचतन

आज मला पाहून गेले. हे चौथं स्थळ. मागच्या तिघांना मी मान वर करून उत्तरं दिली आणि तिघांच्याही पत्रिका अचानक जुळेनाशा झाल्या! म्हणून आज मान खाली घालून बसायचं ठरवलं होतं. वहिनीला तसा शब्दही दिला होता.

पोहे झाले, नारळाच्या वड्या झाल्या. मुलाच्या काकांनी नाव विचारलं. "कोकिळा," मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं. काकूंनी विणकाम विचारलं. मी म्हटलं, येत नाही. आईने मागून खाकरून "थोडं येतं" असं दुरुस्त केलं. आणि मग तो स्वतःच बोलला —

"दोन वर्षांपूर्वी पुण्यात ते वांग्यांचं भाषण तुमचंच ना?"

वांग्यांचं भाषण! मुलगी म्हणजे मंडईतलं वांगं नव्हे, दाबून बघून परत टोपलीत टाकायला! — हे मी हजार माणसांसमोर ओरडून सांगितलं होतं. आणि आता दंडापर्यंत बांगड्या भरून त्याच टोपलीत बसले होते. अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, डोळे मिटून घेतले.

पण तो हसला. म्हणाला, "मी शेवटच्या रांगेत होतो. टाळ्या वाजवून हात लाल झाले होते." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या घरात तुम्हाला कुणी गप्प बसवणार नाही."

मी मान वर केली. चष्मा. शांत डोळे. बडोद्याला वकिली करतात. नाव सदाशिव. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं, पण तीन पिढ्या गुजरातेत. कुलदैवत हरिहरेश्वर, म्हणून अनुष्ठानासाठी आलेत, आणि जाता जाता मुलगीही पाहून घेताहेत.

मुलगीही पाहून घेताहेत! एरवी या वाक्यावर मी तासभर बोलले असते.

२३ नोव्हेंबर

"गप्प बसवणार नाही." — दिवसभर हेच.

२४ नोव्हेंबर

अण्णाने आज मुरुडच्या स्थळाचं पुन्हा काढलं. बिजवर. तीन मुलं. कचेरीत कारकून. त्यांची थोरली बहीण गणपतीत येऊन मला बघून गेली होती आणि जाताना अंगणातच म्हणाली होती, "नाव कोकिळा, आवाज मात्र आगबोटीच्या भोंग्यासारखा!" तरीही त्यांची तयारी आहे. एक अट — सभा बंद, लेख बंद. आणि सुपारी फोडायची ती पौष लागायच्या आत.

मी नेहमीसारखी उसळले. अण्णा नेहमीसारखा ओरडला नाही. तेच वाईट. म्हणाला, "कोकी, तू सत्तावीस वर्षांची. तुरुंगात जाऊन आलीस, शाळेने नोकरीवर परत घेतलं नाही. मी काही बोललो? वाडीत माडांना रोग पडलाय. माझ्या मागे तुला कोण?" आणि उठून वाडीत पाणी लावायला गेला.

भांडला असता तर मी जिंकले असते. आता काय करू?

तीन मुलांना वाढायला माझी ना नाही. कुणाचीही मुलं असोत, मुलंच ती. पण तोंड शिवून? सभेत उभी राहते तेव्हाच मला मी कुणीतरी आहे असं वाटतं. ते गेलं की उरेल काय — भोंगा काढून घेतलेली आगबोट.

बडोदं! बडोदंच!

२५ नोव्हेंबर

बापूकाका आले. वडिलांचे मावसभाऊ, दोन्हीकडचे मध्यस्थ. सुपारी कातरत कातरत अर्धा तास पावसापाण्याच्या गप्पा. मी दाराआड. शेवटी —

"मंडळींना मुलगी पसंत आहे असं दिसतं. पण एक आहे. मुलाची आजी. बा म्हणतात त्यांना. जन्म भरूचचा, सगळं आयुष्य गुजराती बोलण्यात गेलं. गाडीचे हिसके सोसत नाहीत म्हणून इथे आल्या नाहीत. हरिहरेश्वरला उपाध्यांकडे उतरल्यात. मुलगा म्हणतो, घरात बांचा शब्द चालतो. मुलीने एकदा येऊन बांशी बोलावं. गुजरातीत. मग ठरवू."

अण्णा म्हणाला, "हिला कुठे येतं गुजराती?"

"मग चार वाक्यं शिकू दे. पाहिल्यानंतरची पहिली भेट असते ती. तिच्यात काय बोलायचं असतं असं? पण जे बोलायचं ते गोड बोलायचं असतं."

मी दाराआडून बाहेर आले. म्हटलं, "काका, शिकते."

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी एखाद्या गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

बाजारातल्या कापडदुकानाच्या मागे केसरबेन राहतात. कच्छकडच्या. नवरा दुकानात, त्या माडीवर पापड लाटतात. बोर्लीत येऊन वीस वर्षं झाली. मराठी बोलतात ती अशी, की दोन भाषा एका ताटात वाढल्यासारखी. मी गेले, सांगितलं. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि हसून हसून डोळे पुसले.

"तू? तू तर चौकात उभी राहून सगळ्यांना फाडते! तुला मीठुं, गोड गोड बोलायला मी शिकवू?"

"शिकवा."

"बस. आधी पापड लाट."

पहिला पाठ नमस्काराचा. "जय श्रीकृष्ण, बा. पगे लागुं छुं." हे उभ्याने म्हणायचं नाही — वाकता वाकता म्हणायचं, पायाला हात लागेल तिथे वाक्य संपायला हवं. मी आधी म्हटलं आणि मग वाकले. केसरबेन म्हणाल्या, "हे तर सांगून चोरी केल्यासारखं."

२७ नोव्हेंबर

दुसरा पाठ — काय बोलायचं नाही.

पसंत का नापसंत, हे विचारायचं नाही. आडूनही नाही. मुलाची स्तुती करायची नाही, ते निर्लज्जपणाचं. आपल्या गुणांबद्दल एक अक्षर नाही. हुंड्याचा तर वाराही नाही. निघताना "जाते" म्हणायचं नाही. आपल्याकडे "येते" म्हणतात तसं "आवजो" म्हणायचं, येत राहा. आणि गुजरातेत सगळ्या पुरुषांना भाई म्हणतात, काकांना, उपाध्यांना, गाडीवाल्याला —

"बधाने भाई बोल. पण त्याला नाय! त्याला सदाशिवभाई बोलली तर लगन तिथेच खलास!"

दोघी इतक्या हसलो की शेठनी खालून हाक मारली. कितीतरी दिवसांनी अशी हसले.

घरी येताना वाटलं — मी, जिने "स्त्रीने पुरुषाच्या घरासाठी जिभेला वळण लावू नये" यावर लेखमाला लिहिली, ती पापड लाटत जिभेला वळण लावते आहे. लाज वाटली. पण जेवढी वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही.

२९ नोव्हेंबर

आता सगळी वाक्यं झाली. क्रम असा —

पाया पडणं.
"तमारी तबियत केम छे?"
"आटले दूरथी आव्यां, रस्तामां बहु तकलीफ तो नथी पडी ने?" — म्हणजे इतक्या लांबून आलात, वाटेत फार त्रास तर नाही ना झाला?
मग त्या दिवशीच्या भेटीचे आभार: "तमारां घरनां अमारे त्यां आव्यां, अमने बहु आनंद थयो."
मग काहीतरी त्यांच्याकडचं चांगलं म्हणायचं. पण खरं असेल तेच आणि एकच. केसरबेन सांगतात, तीन गोष्टी चांगल्या म्हटल्या की एकही खरी वाटत नाही.
"तमने मळीने बहु सारुं लाग्युं." तुम्हाला भेटून फार बरं वाटलं.
"आवजो."

एवढंच. माझ्या एका भाषणाची प्रस्तावनाही याहून मोठी असते. पाठांतराला मला अर्धा तास पुरला. उच्चार मात्र घासून घासून घेतले. केसरबेन म्हणाल्या, "बोलते तर बरोबर. पण जरा हळू. तू ना, मोटर आली तशी येते."

हळू. बरं.

१ डिसेंबर

उद्या. झोप नाही. वाक्यं मनात धावताहेत. कधी सभेआधी भीती वाटली नाही — अटक होणार हे माहीत असतानाही नाही.

हे स्थळ गेलं तर मुरुड. अण्णाने तिकडे शब्द दिला नाही, पण "नाही"ही कळवलेलं नाही. मला ठाऊक आहे.

२ डिसेंबर

भल्या पहाटे निघालो. अण्णा, मी, बापूकाका. कोंडाजीची बैलगाडी. वाटभर मी वाक्यं मोठ्याने म्हणत होते. श्रीवर्धनच्या अलीकडे कोंडाजी मागे वळून म्हणाला, "बाय, जरा दमानं! बैल बुजत्यात."

उपाध्यांच्या ओटीवर बा बसल्या होत्या. लहानशा. पांढरं लुगडं, गुडघ्यावर शाल. शेजारी काकू. ते — सदाशिवराव — खांबाला टेकून उभे. समुद्राचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

आणि मी बोलले! वाकता वाकता "पगे लागुं छुं", हात पायाला लागला तिथेच वाक्य संपलं. तबियत विचारली. रस्त्याचा त्रास विचारला. आनंद झाला म्हटलं. काकूंच्या हातची गूळ-कणकेची सुखडी त्या दिवशी आमच्याकडे आणली होती, ती आईला फार आवडली — हे खरं होतं, तेच म्हटलं. भेटून बरं वाटलं. एक शब्द अडखळला नाही. एक उच्चार चुकला नाही. काकू चकित! बापूकाकांनी मांडीवर थाप मारली.

बा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बहु सरस बोली. थाकी गई होईश. ले, पाणी पी." फार छान बोललीस. दमली असशील. घे, पाणी पी. तांब्या माझ्यापुढे केला.

निघताना अण्णाने हात जोडले. सदाशिवराव म्हणाले, "घरी गेल्यावर कळवतो."

गाडीत बसल्यावर मी बापूकाकांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते.

३ डिसेंबर

काहीच नाही.

४ डिसेंबर

बापूकाकांना गाठलंच. टाळत होते. शेवटी वाडीच्या बांधावर बसून सांगितलं.

"हे बघ पोरी. पाहिल्यानंतर मुलाकडचे तीनच गोष्टी म्हणतात. 'आमचं घर बघायला या' म्हणाले, तर होकार. 'पत्रिका पुन्हा दाखवतो' म्हणाले, तर नकार. आणि 'घरी गेल्यावर कळवतो' म्हणाले —"

"तर?"

"तर तोही नकारच. पण साखर लावलेला."

"मग तोंडावर नाही का म्हणत नाहीत?"

"तोंडावर नाही म्हणायला माणूस जनावर असावा लागतो. तू म्हणशील का?"

"मी म्हणेन!"

"म्हणूनच तुझं जमत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना बोलायचं नव्हतं ते बोलले. मला ऐकायचं नव्हतं ते ऐकलं.

५ डिसेंबर

काय चुकलं? उच्चार? केसरबेनपुढे पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. त्या म्हणतात, चूक नाही.

मग माझं वय? तुरुंग? काळा रंग? ते तर त्यांना आधीच माहीत होतं! "गप्प बसवणार नाही" हे कुणी म्हटलं होतं? की ते वाक्यही पाठ केलेलं होतं?

आज जेवले नाही. आई माझ्यासमोर ताट घेऊन बसून राहिली.

६ डिसेंबर

आता कळलं!! दोन तारखेचं पान वाचत होते. माझी सगळी वाक्यं आहेत त्यात. बांची?

तबियत कशी आहे म्हणून मी विचारलं — बांनी काय सांगितलं? आठवत नाही. वाटेत त्रास झाला का — झाला का? माहीत नाही. मी विचारलं, आणि पुढच्या वाक्याकडे गेले! म्हातारी तोंड उघडत होती. आता डोळ्यांपुढे येतंय, त्या प्रत्येक वेळी ओठ हलवत होत्या आणि मी "बहु आनंद थयो" करत पुढे. प्रश्न विचारून उत्तराला जागाच ठेवली नाही. हजार माणसांना प्रश्न विचारायची सवय मला. "बंधूंनो, हे तुम्ही सहन करणार का?" — त्याचं उत्तर कुणी देत नसतं. देऊ नयेच. टाळ्या पडतात आणि आपण पुढे जातो.

त्या बाईला मी भाषण ठोकून आले. आणि तिने मला पाणी पाजलं.

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय.

७ डिसेंबर

वहिनीला सांगितलं. वहिनी फार बोलत नाही. तांदूळ निवडत ऐकलं. मग म्हणाली, "वन्सं, मंडळी परवाच्या आगबोटीने श्रीवर्धनहून निघताहेत ना?"

"मग?"

"मग काय? पाहुणे जाताहेत. वाटेचं खायला काही द्यायला नको?"

"त्यांनी नकार दिलाय वहिनी. आता आपण त्यांच्याकडे जायचं म्हणजे —"

"नकार कुठे दिलाय? कळवतो म्हणालेत. कळवेपर्यंत ते पाहुणेच." आणि एक खडा उचलून अंगणात टाकला. "तुमचे भाऊ पेणला निघालेत तांदूळ आणायला. मला तसंही श्रीवर्धनला मावशीकडे जायचंय."

मला नेहमी वाटायचं, या बाईला कशात काही कळत नाही. किती भाषणं दिलीत मी स्त्रीच्या शहाणपणावर — हिच्याकडे पाठ करून!

८ डिसेंबर

नारळाच्या वड्या केल्या. रोठा सुपारी, शहाळी. वहिनीने टोपलीत केळीची पानं घातली. कामाला येणारी रंगू टोपली उचलायला आली तर म्हणाली, "लगीन हाय का म्हशीचं डोहाळजेवन?" वहिनीने तिला गप्प केलं.

वाक्यं म्हटली नाहीत. एकच पुरे. आणि केसरबेननी आज आणखी एक शब्द दिला — "पछी?" मग काय झालं? — ऐकणाऱ्याचा शब्द. इतके दिवस शिकवलं, आणि हा एक शब्द आज दिला! मी रागावले तर म्हणाल्या, "तू कधी विचारला? तू बोलायचं विचारलं. ऐकायचं कोण विचारते?"

९ डिसेंबर

हे सगळं आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या त्यात माझी वाक्यं घुसतील.

बंदरावर आगबोट यायची होती. माणसं, गाठोडी, कोंबड्यांची खुराडी. पडावांतून माणसं बोटीपर्यंत नेतात. ओहोटी होती म्हणून सगळी खोळंबलेली. बा शेडच्या सावलीत पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेल्या. काकू जवळ नव्हत्या, सामान मोजत होत्या. सदाशिवरावांनी मला पाहिलं. चेहरा पडला. लगेच पडावाच्या तांडेलाशी काहीतरी बोलायला गेले आणि तिकडेच राहिले. इतका वेळ तांडेलाशी काय बोलायचं असतं?

वहिनीने टोपली ठेवली, नमस्कार केला आणि बाजूला झाली. मी खाली, ट्रंकेशेजारी, वाळूत बसले.

"बा, तमारी तबियत केम छे?"

आणि तोंड मिटलं. हजार माणसांसमोर उभं राहणं सोपं. हे नाही. जीभ वळवळत होती. पुढचं वाक्य तयार होतं. दातांमागे दाबून धरलं.

बांनी समुद्राकडे पाहिलं. मग बोलायला लागल्या. गुडघ्याचं आधी. मग भरूचच्या घाटावरचं. लहानपणी पाण्यात उतरायच्या ते. मग बडोद्याच्या घराचं. अर्धं कळलं, अर्धं नाही. पुरुष सगळे कोर्टात, काकू देवळात. घरात एक पोपट आणि बा. पोपटाला बोलता येतं, पण ऐकता येत नाही, असं म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी म्हटलं, "पछी?" — आणि बांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. कुणी बऱ्याच दिवसांत त्यांना हे विचारलं नसावं. मग खूप बोलल्या. मी फक्त ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बोटीचा भोंगा झाला. बांनी माझं मनगट धरलं. सावकाश, शब्द शब्द सुटा करून म्हणाल्या —

"दीकरी, हुं तो मराठी समजुं छुं. मारा वर मराठी ज बोलता."

मराठी कळतं. नवरा मराठीच बोलायचा.

मी थिजले. "मग — गुजरातीतच बोलायला पाहिजे, ही अट —"

"मने गुजराती गमे. पण शरत मारी नहोती." गुजराती आवडतं, पण अट त्यांची नव्हती.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "पछी" म्हणावंच लागलं नाही.

"मने तो तुं ते दिवसे ज गमी. बीकथी बोलती हती, बिचारी." त्याच दिवशी आवडलीस मला, भीतीने बोलत होतीस, बिचारी! — त्यांना भाषण दिसलंच नव्हतं, भीती दिसली होती. "ना तो छोकराए पाडी. तमारे घेर थी आव्यो ने ते ज सांजे. कहे छे, सभामां शोभे, घरमां नहीं. पछी मारुं नाम आगळ धर्युं."

नकार मुलाने दिला. सभेत शोभते, घरात नाही.

म्हणजे मला पाहून गेले त्याच संध्याकाळी ठरलं होतं. नाही म्हणायचं, पण वाईटपणा नको. म्हणून आजी. म्हणून गुजराती. मी अडखळेन, बोबडं बोलेन, आणि मग "बांना जमलं नाही हो" — किती सभ्य! आणि मी आठवडाभर पापड लाटले. मी न अडखळता बोलले तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल, ते मी पाहिलंच नाही. पुढच्या वाक्याकडे बघत होते ना.

बा म्हणाल्या, "ना पाडवी होय तो मोढे पाडवी. पण मीठे मोढे." नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं. पण गोड तोंडाने.

ते आले. बांना हाताला धरून उठवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी गेल्यावर कळवतो."

बांसमोर! बांनी डोळे मिटले.

एरवी मी त्या बंदरावर सभा भरवली असती. सगळं तयार होतं जिभेवर — ढोंगी सुधारक, टाळ्या वाजवणारे हात! बांचा हात त्यांच्या हातात होता. मी म्हटलं, "वाटेत सांभाळून न्या त्यांना. गुडघा फार दुखतो." मग बांना म्हटलं, "आवजो, बा."

पडाव लाटेवर चढेपर्यंत बा मागे वळून बघत होत्या.

१० डिसेंबर

त्याने खोटं म्हटलं नव्हतं. गप्प बसवणार नव्हताच. घरातच घेणार नव्हता.

१२ डिसेंबर

अण्णा पेणहून आला. बंदरावरचं वहिनीने त्याला सांगितलं. तिने काय आणि कसं सांगितलं कुणास ठाऊक, तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मुरुडला निरोप पाठवतो. रविवारी अमावास्या, त्याच दिवशी मार्गशीर्ष संपतो; दिवस बरा नाही, पण त्यांना त्याआधी सवड नाही. ते सकाळीच येतील, सुपारी फोडू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझ्याकडे शब्द नव्हता. एवढी पुस्तकं वाचलेली मी, आणि मुलीकडच्यांनी नाही कसं म्हणायचं, त्याचं एकही वाक्य मला येत नाही. कुणी शिकवलेलंच नाही. मराठीत आहे का ते? मुलाकडचे तीन प्रकारे बोलतात, बापूकाका म्हणाले. आणि आपण? आपण वाट बघायची.

१४ डिसेंबर

आई हळदीकुंकवाची ताटं घासते आहे. चिंच लावून, राख लावून. तिच्या हातांकडे बघवत नाही. तिला वाटतं मी तयार झाले, म्हणून ती गुणगुणते.

विहिरीवर रंगू म्हणाली, "ताई, मुरुड लय लांब न्हाय. होडीनं जाता येतं." मी तिथेच बसून रडले. ती घागर भरून माझ्याजवळ उभी राहिली.

१६ डिसेंबर

उद्या. पुन्हा वाक्यं पाठ करते आहे. यावेळी कुणी शिकवलेली नाहीत.

१७ डिसेंबर, अमावास्या

मुरुडची मंडळी आली. मी पाणी घेऊन स्वतः ओटीवर गेले. थोरल्या बहिणीच्या पाया पडले, विचारलं, "प्रवास कसा झाला?" आणि थांबले. खाडीत होडी फार हलली, उलट्या झाल्या, असं सांगत होती, सगळं ऐकलं. आलं आणून दिलं. "मुलं बरी आहेत ना?" थांबले. धाकटीला ताप येऊन गेला म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज मऊ झाला. अण्णाने सुपारीचं ताट पुढे सरकवलं. मी ते उचलून मागे, देवाजवळ ठेवलं आणि हात जोडून म्हटलं, "इतक्या लांबून आलात, भेटून फार बरं वाटलं. पण मला बोलणं सोडता येणार नाही. त्यासह घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा. आणि तसं असेल तरी मी यायचं की नाही — ते मी विचार करून कळवते."

आणि थांबले, उत्तराची वाट बघत. ओटीवर कुणालाच वाक्य पाठ नव्हतं.